दाखल्यावरचे नाव आणि परदेशातले त्याचे मोल



परदेशी नोकरीसाठी बायोडेटा लिहायला बसले की पहिली अडचण येते ती नावांची. आपण जी परीक्षा पास झालो, तिला तिकडे काय म्हणतात? आपण ज्या हुद्द्यावर काम केले, तो तिकडे कोणता? फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल कामगार पाठविण्याविषयी करार झाला. तेव्हा हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. आयटीआय झालेला मुलगा कागदांची पिशवी घेऊन गावच्या गुरुजींकडेच येतो आणि म्हणतो, "सर, एवढे जरा लिहून द्या." म्हणून आज जर्मनीचेच उदाहरण घेऊ आणि एका मुलाचा बायोडेटा ओळीओळीने तपासू.

समजा, हा मुलगा पनवेलच्या खांदा कॉलनीत राहतो. दहावीनंतर त्याने आयटीआयमध्ये दोन वर्षे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला. पुढे तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात एक वर्ष ॲप्रेंटिस राहिला आणि त्याचीही परीक्षा पास झाला. मग तशाच दुसऱ्या कारखान्यात पाच वर्षे नोकरी केली. त्या कारखान्याने नेमणुकीच्या पत्रात त्याचा हुद्दा लिहिला 'ज्युनिअर इंजिनिअर, इलेक्ट्रिकल'. आता त्याचा बायोडेटा पाहा. शिक्षणापुढे लिहिले आहे, 'डिप्लोमा इन इलेक्ट्रिकल'. नोकरीपुढे लिहिले आहे, 'इंजिनिअर'. शेवटच्या दोन वर्षांपुढे 'मास्टर टेक्निशियन', कारण हाताखाली चार माणसे होती. यात त्याने लबाडी केली असे कोणी म्हणणार नाही. आपल्याकडे बोलताना असेच बोलतात. पण या तीनही शब्दांना जर्मनीत ठरलेले अर्थ आहेत, आणि ते आपले अर्थ नव्हेत.

पहिला शब्द डिप्लोमा. आपल्याकडे दहावीनंतर तीन वर्षे तंत्रनिकेतनात शिकले की डिप्लोमा मिळतो. आयटीआयचे प्रमाणपत्र डिप्लोमाही नव्हे. जर्मनीत 'डिप्लोम' ही विद्यापीठाची पदवी होती. बॅचलर आणि मास्टर या पदव्या येण्यापूर्वी तिथले इंजिनिअर हीच पदवी घेऊन बाहेर पडत, आणि विद्यापीठाचे डिप्लोम आजच्या मास्टरच्या तोडीचे मानले जाते. म्हणजे आपल्या मुलाने एक पायरी वर चढून लिहिले आणि तिकडच्या कारकुनाने ते आणखी दोन पायऱ्या वर वाचले. मग तो विचारतो, विद्यापीठ कोणते? विद्यापीठ नाहीच. इथेच कागदावरचा विश्वास उडतो.

दुसरा शब्द इंजिनिअर. आपल्याकडे दुरुस्तीला येणारा सर्व्हिस इंजिनिअर असतो, विक्रीला येणारा सेल्स इंजिनिअर असतो. जर्मनीत 'इन्झेन्योर' हे नाव कोणी लावावे याचे प्रत्येक राज्यात कायदे आहेत. तांत्रिक विषयाचे उच्च शिक्षण झालेल्यालाच ते लावता येते. इतरांनी लावले तर दंड होऊ शकतो. 

तिसरा शब्द मास्टर, जर्मन भाषेत 'माइस्टर'. आपण सुताराला, गवंड्याला मिस्त्री म्हणतो. तो शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला, आणि 'मेस्त्रे' व 'माइस्टर' या दोघांचे मूळ एकच, लॅटिन 'मागिस्टर'. पण एका कुळातले असले तरी घरे निराळी. आपला मिस्त्री हाताच्या कसबाने आणि लोकांच्या तोंडी मिस्त्री होतो. जर्मन माइस्टर परीक्षा देऊन होतो. त्या परीक्षेत कामाबरोबर हिशेब, कायदा आणि शिकाऊ मुलांना शिकविण्याची रीत हेही असते, आणि विजेच्या कामासारख्या कित्येक धंद्यांत स्वतःचे दुकान उघडायचे तर साधारणपणे ती लागते. चार माणसांवर देखरेख केली म्हणून कोणी माइस्टर होत नाही.

शिक्षक श्रोत्यांसाठी त्यांच्याच घरचे एक उदाहरण देतो. आपले बी.एड. हे पदवीनंतरचे शिक्षण. जर्मनीतील काही विद्यापीठांतही 'बॅचलर ऑफ एज्युकेशन' आहे; परंतु ती तिथली पहिली पदवी आहे. तिच्यापुढे मास्टर आणि मग शाळेत प्रत्यक्ष उमेदवारी, असे झाल्यावर माणूस शिक्षक होतो. नाव अक्षरशः तेच, जागा मात्र वेगळी. तसेच 'होखशूले' या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ 'उंच शाळा'. पण ती हायस्कूल नव्हे. ती विद्यापीठाच्या दर्जाची संस्था.

मग लिहावे कसे? नियम एकच आहे. नावाला नाव जोडायला जाऊ नये. मूळ नाव आहे तसे ठेवावे आणि त्याच्याखाली ते काय आहे ते साध्या शब्दांत सांगावे. तोल पाहण्याचे काम आपले नाही; ते तिकडच्या कचेरीचे आहे. जर्मनीत 2012 सालापासून त्यासाठी एक कायदाच लागू आहे. परदेशी व्यवसायशिक्षण जर्मन व्यवसायाशी कितपत जुळते, हे तपासून लेखी उत्तर मिळण्याची सोय त्यात आहे, आणि कुशल कामगाराच्या बहुतेक व्हिशांसाठी असे उत्तर लागते.

आता आपल्या मुलाची शिक्षणाची ओळ पुन्हा लिहू. 'नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट, ट्रेड इलेक्ट्रिशियन. प्रवेशासाठी दहावी पास. मुदत दोन वर्षे, पूर्ण वेळ, प्रात्यक्षिकासह.' त्याखाली संस्थेचे नाव आणि प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचे नाव, जसे छापले आहे तसे. पुढच्या ओळीत 'नॅशनल ॲप्रेंटिसशिप सर्टिफिकेट, एक वर्ष', कारखान्याचे नाव, तारखा. ही दुसरी ओळ पुष्कळ मुले गाळतात. ॲप्रेंटिस म्हणजे हलके काम, असे त्यांना वाटते. पण जर्मनीत कामगाराचे शिक्षण मुळी कारखान्यातच होते. आठवड्यातले एकदोन दिवस शाळा आणि बाकीचे दिवस काम. तपासणाऱ्याला ओळखीचे असे या बायोडेट्यात काही असेल तर ते हेच वर्ष.

नोकरीच्या ओळीत हुद्दा बदलू नये, कारण तो नेमणुकीच्या पत्राशी जुळला पाहिजे. 'ज्युनिअर इंजिनिअर, इलेक्ट्रिकल' हे अवतरणचिन्हांत ठेवावे, आणि लगेच लिहावे, 'कारखान्याने दिलेला हुद्दा; प्रत्यक्ष काम देखभाल इलेक्ट्रिशियनचे'. 'मास्टर टेक्निशियन' हा हुद्दा कोणत्याच पत्रात नसेल तर तो काढावा आणि 'चार जणांच्या पाळीवर देखरेख' असे लिहावे. भाषांतर सरकारमान्य भाषांतरकाराकडून करून घेताना त्यालाही सांगावे की हुद्द्याचे आणि प्रमाणपत्राचे मूळ नाव कायम ठेवा, अर्थ कंसात द्या.

यानंतर तुलना कशी होते ते पाहा. जर्मनीत इलेक्ट्रिशियन एकच नाही. कारखान्यातली यंत्रे आणि पॅनेल सांभाळणारा एक, घरांची वायरिंग करणारा दुसरा. दोघांचेही शिक्षण साडेतीन वर्षांचे, पण पहिल्याचा अर्ज बहुतेक ठिकाणी न्यूर्नबर्ग येथील 'ई-हा-का फोझा' या कचेरीकडे जातो, आणि दुसऱ्याचा त्या त्या भागातल्या हस्तव्यवसाय मंडळाकडे. आपल्या प्रमाणपत्रावर नुसते 'इलेक्ट्रिशियन' असते. तेव्हा कोणत्या दाराने जायचे ते प्रमाणपत्र सांगत नाही, केलेले काम सांगते. आपला मुलगा तळोज्याच्या कारखान्यातला, म्हणून त्याचे दार पहिले. कोणत्या व्यवसायाला कोणती कचेरी, हे anerkennung-in-deutschland.de या सरकारी संकेतस्थळावर इंग्रजीतही शोधता येते. 

कचेरी नावे जुळवीत नाही. अभ्यासक्रमातले विषय जुळवते. आपल्या मुलाची मोटर, केबल, अर्थिंग, मोजमाप ही कामे जुळतील. स्वयंचलित यंत्रांचे नियंत्रण, म्हणजे पीएलसी, यात त्याचे शिक्षण कमी पडू शकते. पण कायद्याची एक चांगली बाजू अशी की शिक्षणातली उणीव नोकरीतल्या अनुभवाने भरून काढता येते. अट एवढीच, की तो अनुभव कागदावर हवा.

आणि इथेच आपले अनुभवाचे दाखले अपुरे पडतात. 'सदर इसम अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे नोकरीस होता, वर्तणूक चांगली', एवढ्या दाखल्यातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. जर्मनीत नोकरी सोडताना जो दाखला देतात त्यात कामांची यादी असते. म्हणून जुन्या कारखान्याकडून नवे पत्र मागावे, आणि त्यात असे लिहून घ्यावे: '415 व्होल्टच्या मोटर-पॅनेलांची जोडणी व दुरुस्ती, मेगरने इन्सुलेशनची तपासणी, पीएलसीवर चालणाऱ्या पंपांतील दोष शोधणे, ब्रेकडाऊनची नोंदवही ठेवणे.' जे केले तेच लिहावे, पण सगळे लिहावे. कारखाना बंद पडला असेल तर पगारपत्रके आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद यांवरून निदान तारखा सिद्ध होतात. कामाचा कागद मिळतच नसेल तर काम प्रत्यक्ष करून दाखवण्याची किंवा तज्ज्ञांसमोर बोलून पटवण्याची सोयही त्या कायद्यात आहे.

सगळे कागद पोहोचल्यावर साधारण तीन महिन्यांत निर्णय व्हावा असा नियम आहे. फी बहुधा 100 ते 600 युरोंच्या दरम्यान असते, भाषांतराचा खर्च वेगळा. उत्तर तीनपैकी एक येते: पूर्ण जुळते, काही अंशी जुळते, किंवा जुळत नाही. 'काही अंशी' आले तर पुष्कळजण ते नापास समजून कागद ठेवून देतात. तसे नव्हे. त्या उत्तरात काय कमी आहे ते विषयवार लिहिलेले असते, आणि तेवढेच शिकण्यासाठी जर्मनीत जाण्याचा वेगळा व्हिसा आहे. म्हणजे पीएलसीपुरते उणे निघाले, तर साडेतीन वर्षे पुन्हा नाहीत. तेवढा भाग शिकायचा.

एक मर्यादाही ध्यानात असू द्या. हे उत्तर म्हणजे नोकरी नव्हे आणि भाषेची परीक्षाही नव्हे. त्या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. पैसे घेऊन 'तुमच्या आयटीआयला जर्मन डिप्लोमा करून देतो' असे कोणी सांगू लागला, तर तसा बदल करण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाला नाही, हे त्याला तोंडावर सांगायला हरकत नाही.

तेव्हा गुरुजी, पुढच्या वेळी असा मुलगा पिशवी घेऊन आला की बायोडेट्याआधी त्याची मूळ प्रमाणपत्रे टेबलावर मांडा. त्याला ती मोठ्याने वाचायला सांगा. जे छापले आहे ते आधी उतरवा, आणि मग त्याला विचारा, "तू सकाळी कामावर गेल्यावर नेमके काय करत होतास?" तो जे सांगेल तेच हुद्द्याच्या खाली लिहायचे.