दहा हजारांत एक

समजा, तज्ज्ञाच्या जबाबातल्या एका पानाचा फोटो तुमच्या फोनवर आला. त्यात लिहिलंय: घटनास्थळी मिळालेला डीएनए संशयिताशी जुळतो, आणि असा नमुना दहा हजारांत एकाचाच असतो. वाचणारा लगेच म्हणतो, म्हणजे तो निर्दोष असण्याची शक्यता दहा हजारांत एक. चूक इथेच होते.

आता हिशेब करू. समजा, घटना आदिलाबाद जिल्ह्यातली आहे. 2011च्या जनगणनेनुसार आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 7 लाख 9 हजार. दहा हजारांत एक, म्हणजे एकट्या जिल्ह्यात असा नमुना असणारे सुमारे 71 जण. पैनगंगेपलीकडचे यवतमाळचे लोक यात धरलेलेच नाहीत. दुसरा पुरावाच नसेल, तर संशयित त्या 71 पैकी एक, एवढंच म्हणता येतं.

दहा हजारांत एक हा आकडा सांगतो की निर्दोष माणसाचा नमुना योगायोगाने जुळणं किती दुर्मिळ आहे. ज्याचा नमुना जुळला तो निर्दोष असण्याची शक्यता किती, हा वेगळाच प्रश्न. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1996 साली डोहेनी आणि अ‍ॅडम्स प्रकरणात हाच फरक स्पष्ट केला.

पण पुरावा कुचकामी ठरत नाही. 71 पैकी संशयितासह दोघेच त्या रात्री घटनास्थळाच्या गावात होते असं सिद्ध झालं, तर तो दोषी असण्याची शक्यता दोनांत एक इतकी वाढते. उलट, संशयिताचा सख्खा भाऊ असेल तर दहा हजारांचा आकडा त्याला लागू नाही. भावांचे नमुने जुळण्याची शक्यता बरीच जास्त असते. प्रयोगशाळेत नमुन्यांची अदलाबदल झाली, तर तीही या आकड्यात मोजलेली नसते.