छातीच्या आंतलें ऐकणारी नळी

(गांवच्या वाचनालयांत दिलेलें व्याख्यान)



डॉक्टर कानांत नळी घालून तिचें दुसरें टोंक आपल्या छातीला लावतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ती नळी नव्हती तेव्हां काय होत असे, व ती आल्यानें काय बदललें, एवढेंच आज आम्ही सांगणार आहों.

अठराव्या शतकांत युरोपांतील डॉक्टर रोग्याची नाडी पाही, जीभ पाही, लघवी पाही, आणि रोगी सांगेल त्यावर भिस्त ठेवी. पण ताप, खोकला व धाप हीं लक्षणें छातीच्या अनेक रोगांत सारखींच असतात. मग रोगी काय सांगणार? इ. स. १७६१ मध्यें ऑस्ट्रियांतील आउएनब्रुगर या डॉक्टरानें छातीवर बोटांनीं ठोकून पाहण्याची रीत छापून प्रसिद्ध केली. रिकामी कणगी ठोकली तर पोकळ वाजते व भरलेली ठोकली तर बद्द वाजते, तसाच हा प्रकार. पुढें १८०८ सालीं पॅरिसच्या कॉर्व्हिसार यांनीं तें पुस्तक फ्रेंच भाषेंत आणलें. रेने लाएनेक हा त्यांचाच विद्यार्थी.

१८१६ सालीं पॅरिसच्या नेकर रुग्णालयांत लाएनेककडे हृदयविकाराची एक तरुण बाई आली. ती अंगानें लठ्ठ असल्यामुळें ठोकून किंवा हात लावून कांहीं कळेना. छातीला कान लावणें परस्त्रीच्या बाबतींत त्यास योग्य वाटेना. तेव्हां त्यास आठवलें, कीं लांकडाच्या एका टोंकास टांचणीनें खरवडलें तर दुसऱ्या टोंकास कान लावणाऱ्यास तें स्पष्ट ऐकूं येतें. त्यानें कागदांची एक वही घट्ट गुंडाळली, एक टोंक बाईच्या छातीवर ठेवलें व दुसऱ्यास कान लावला. नुसता कान लावून हृदयाचे ठोके जितके ऐकूं येत, त्याहून ते अधिक स्पष्ट ऐकूं आले! पुढें त्यानें फूटभर लांब व सुमारें दीड इंच जाड अशी भोंक पाडलेली लांकडी नळी तयार केली. ग्रीक भाषेंतील ‘छाती’ व ‘पाहणें’ या दोन शब्दांवरून तिचें नांव स्टेथोस्कोप पडलें.

पण नुसती नळी करून भागलें नाहीं. ऐकलेल्या आवाजाचा अर्थ कोण सांगणार? लाएनेक रोग्याच्या छातींतील आवाज लिहून ठेवी, आणि तो रोगी दगावला तर शव उघडून त्या जागीं काय आहे तें पाही. अशा रीतीनें आवाज व आंतील बिघाड यांची जोडी त्यानें जुळविली, आणि १८१९ सालीं तें सर्व ग्रंथरूपानें छापलें.

एक उदाहरण घेऊं. एका रोग्यास ताप व धाप आहे, आणि छातीचा उजवा खालचा भाग ठोकला तर बद्द वाजतो. फुफ्फुस सुजून घट्ट झालें असेल तरी तो भाग बद्द वाजेल, आणि फुफ्फुसाबाहेर पाणी सांचलें असेल तरी बद्दच वाजेल. आतां नळी लावा. फुफ्फुसाचा दाह असेल तर आरंभीं तापलेल्या भांड्यांत मीठ तडतडावें तसा बारीक आवाज येतो. पुढें फुफ्फुस घट्ट झालें कीं ती तडतड जाते, श्वास मोठ्या नळींतून वाहावा तसा कर्कश ऐकूं येतो, व रोगी बोलला तर बोलणें मोठें होऊन कानीं पडतें. रोगी बरा होऊं लागला कीं तडतड पुन्हां येते. उलट पाणी सांचलें असेल तर त्या जागीं श्वास व बोलणें दोन्हीं मंद होतात. हा भेद कळणें अगत्याचें आहे, कारण सांचलेलें पाणी सुईनें काढतां येतें. घट्ट झालेलें फुफ्फुस सुईनें मोकळें होत नाहीं.

या विद्येस मर्यादाही आहेत. पाण्याच्या वरच्या कडेला बोलणें बकरीच्या आवाजासारखें कापरें ऐकूं येतें, ही पाण्याचीच खूण असें लाएनेक मानी. पण घट्ट फुफ्फुसावरही तें ऐकूं येतें असें पुढें आढळलें. हृदयाच्या दुसऱ्या ठोक्याचें कारणही त्यानें चुकीचें सांगितलें होतें. तो आवाज झडपा मिटण्याच्या वेळीं होतो. शिवाय खोल दडलेला लहान बिघाड नळीस ऐकूं येत नाहीं, म्हणून क्ष-किरणांचें चित्र घ्यावें लागतें.

लाएनेक १८२६ सालीं क्षयानेंच वारला. त्याच्या ग्रंथांतील पुष्कळ पानें त्याच रोगाविषयीं आहेत. दोन्ही कानांनीं ऐकण्याची नळी मागाहून, १८५० च्या सुमारास निघाली.

आतां शेवटीं एक कामाची गोष्ट. डॉक्टर नळी लावील तेव्हां सदरा बाजूस करावा, कारण कापड घासलें तरी बारीक तडतड होते व ती रोगाची आहे असें वाटूं शकतें. तो सांगेल तेव्हां तोंड उघडून लांब श्वास घ्यावा, आणि विचारल्याखेरीज मध्येंच बोलूं नये. आपलें दुखणें त्यास आधीं सविस्तर सांगावें. मग थोडा वेळ छातीस तिचें म्हणणें सांगूं द्यावें.