बाजाराचे बिल आणि ठोकळ हिशेब

नाशिकच्या रविवार कारंजावर एखाद्या किराणा दुकानापुढे सायंकाळी क्षणभर उभे राहावे. दुकानदार यंत्रावर बेरीज करीत असतो, आणि समोरची गृहिणी मनाशीच म्हणत असते, "साडेपाचशेच्या आसपास होतील." तिच्या हाती ना पाटी असते, ना पेन्सिल, तरी तिचा अदमास सहसा फार चुकत नाही. हा ठोकळ हिशेब चौथीच्या मुलास शिकविता येतो, आणि त्यासाठी घरातले जुने बिल पुरेसे होते.

शिक्षकाने प्रथम बिलाची खालची बाजू दुमडून एकूण रक्कम झाकून ठेवावी. धड्यापुरते असे बिल घेऊ: तूरडाळ १४८ रुपये, गूळ ६२, शेंगदाणे ७३, साखर ९१, चहा १२८ आणि पोहे ५७. आता प्रत्येक रकमेस जवळच्या पूर्ण दहापर्यंत न्यावे. एकम स्थानी पाच किंवा त्याहून मोठा अंक असेल तर पुढच्या दहावर जावे, लहान असेल तर मागच्या दहावर यावे. म्हणजे १५०, ६०, ७०, ९०, १३० आणि ६०, बेरीज ५६०. मग दुमड उघडावी. खरी रक्कम ५५९ निघते. कुठे दोन-तीन रुपये वाढले, कुठे तितकेच घटले, आणि वाढ-घट एकमेकींत जिरून गेली.

येथे मुले दोन चुका करतात. काही मुले आधी नेमकी बेरीज करून मग उत्तरास ठोकळ रूप देतात. ती ओळखण्याची खूण अशी की त्यांस वेळ फार लागतो. म्हणून हा भाग तोंडीच घ्यावा. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. "१४८ चे जवळचे शतक कोणते?" असे विचारले असता मुलगा १४८ चे १५० करतो, १५० चे २०० करतो, आणि २०० असे उत्तर देतो. वस्तुतः १४८ पासून १०० हे ४८ वर आहे आणि २०० हे ५२ वर. फळ्यावर १०० ते २०० अशी रेघ ओढून तीवर १४८ ची जागा दाखविली, म्हणजे चूक मुलाच्या स्वतःच्याच ध्यानी येते. ठोकळ रूप मूळ संख्येसच द्यावे. एकदा ठोकळ केलेल्या संख्येस पुन्हा नव्हे.

आता या अंदाजाचा उपयोग पाहू. समजा, त्याच बिलावर ५५९ ऐवजी ५९५ असे लिहिले गेले. प्रत्येक रकमेत फार तर पाच रुपयांचा फरक पडतो. वस्तू सहा, म्हणून सारा फरक तीस रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही. ५६० आणि ५९५ यांत पस्तीसचे अंतर आहे. अर्थात बिलात चूक आहेच. मात्र ५६९ लिहिले असते तर अंदाजाने ती चूक सापडली नसती. दहा रुपयांची फसगत पकडण्यास नेमकी बेरीजच हवी, हेही मुलांस सांगावे.

परंतु सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढेच आहे. मुलाच्या हाती २७० रुपये आहेत आणि वस्तूंच्या किमती ६४, ५३, ८४, ३४ व ४४ अशा आहेत. जवळच्या दहाच्या नियमाने ६०, ५०, ८०, ३० आणि ४० मिळून २६० होतात. मुलगा निश्चिंतपणे दुकानात जातो, आणि बिल येते २७९! एक वस्तू परत ठेवून त्यास खाली मान घालून यावे लागते. गणित चुकले नव्हते. पाचही रकमा एकाच बाजूस घटल्या होत्या, त्यामुळे तूट साचत गेली.

म्हणून "किती होतील?" आणि "पैसे पुरतील का?" हे दोन प्रश्न वेगळे मानावेत. पहिल्यास जवळचा दहा चालतो. दुसऱ्यास प्रत्येक रक्कम वरच्या दहावर न्यावी: ७०, ६०, ९०, ४० आणि ५०, एकूण ३१०. हातात ३१० असतील तर पैसे निःसंशय पुरतील. २६० हून कमी असतील तर निःसंशय पुरणार नाहीत. मधली रक्कम असेल, जशी या मुलाची होती, तर पेन्सिल काढून नेमकी बेरीज करावी.

१९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी येण्यापूर्वी वडील माणसे पंधरा आण्यांस रुपया धरून चालत. आज ९९ रुपयांस शंभर धरावे लागतात. दोन्हींत धोरण एकच: खर्च करावयाचा असेल तेव्हा अदमास वरच्या बाजूस चुकू द्यावा. पुढच्या बाजारवारी आईने सामानाची यादी मुलाच्या हाती द्यावी, आणि पिशवी उचलण्यापूर्वी इतकेच विचारावे, "पुरतील का रे?"