दहा मिनिटं उशीर होईल, सुरू करा

दोन ओळींच्या एका निरोपाबद्दल आज थोडं बोलायचं आहे. तो आपण सगळेच कधी ना कधी धाडतो. ‘दहा मिनिटं उशीर होईल, सुरू करा.’

आमच्या वाचनालयाची पुस्तक खरेदीची सभा होती. वेळ पाचची. अध्यक्ष मी. एसटी रेल्वे फाटकात अडकली. पाचला पाच कमी असताना मी सगळ्यांना हाच निरोप टाकला आणि निर्धास्त झालो. वाटलं, परवानगी दिली, आपलं काम झालं.

पोचलो तेव्हा पाच वीस झाले होते. सभा सुरूच झाली नव्हती. बाई म्हणाल्या, “भाई, तुमच्याशिवाय कसं सुरू करणार? बरं दिसतं का ते?” मग चहा झाला, इतिवृत्त वाचलं गेलं, हिशेब निघाला. पाच पस्तीसला गुरुजी उठले. त्यांच्या गावची एसटी पावणेसहाची होती. शाळेतल्या मुलांनी मागितलेल्या पुस्तकांची यादी त्यांच्या खिशातच राहिली. खरेदी त्याच दिवशी ठरायची होती. ती त्या यादीशिवाय ठरली.

घरी आल्यावर मी तो निरोप पुन्हा वाचला. चूक फाटकाची नव्हती, निरोपाची होती.

पहिली गोष्ट ‘दहा मिनिटं’ ही. कुठून दहा? मी धाडला तेव्हापासून की त्यांनी वाचला तेव्हापासून? बाईंनी तो पाच वाजून दोन मिनिटांनी वाचला आणि पाच बारापर्यंत वाट पाहायची ठरवली. शिवाय माझी दहा मिनिटं स्टँडपर्यंतची होती. तिथून वाचनालयापर्यंतचं चालणं मी धरलंच नव्हतं. म्हणून मिनिटं सांगू नयेत, घड्याळातली वेळ सांगावी. आणि ती खुर्चीत बसण्याची असावी, स्टँडवर उतरण्याची नव्हे.

दुसरी गोष्ट, ‘सुरू करा’ हे कुणाला? सगळ्यांना सांगितलं म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाने ‘तुम्ही जेवून घ्या’ म्हटलं, तरी घरचे ताट वाढून थांबतात. तसंच हे. ऐकणाऱ्याला तो शिष्टाचार वाटतो. एका माणसाचं नाव घेतलं की मगच ती परवानगी खरी होते.

तिसरी गोष्ट, काय सुरू करायचं? माझ्यावाचून होईल ते आधी आणि माझ्यावाचून अडेल ते नंतर. त्या दिवशी बँकेच्या पावत्या माझ्या पिशवीत होत्या, म्हणजे हिशेब थांबायलाच हवा होता. गुरुजींच्या यादीला मात्र माझी गरज नव्हती, आणि गुरुजींना एसटी गाठायची होती.

गुरुजींचा फोन साधा, बटणांचा. त्यावर एसएमएसच जातो. देवनागरीत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये ७० अक्षरचिन्हं बसतात. काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजलं जातं. त्याहून लांब मजकुराचे तुकडे पडतात. तेव्हा शब्द तोलूनच वापरायला हवेत. मी त्या दिवशीचा निरोप नव्याने लिहून पाहिला:

‘५.१० ला पोहोचतो. बाई, सुरू करा. आधी गुरुजींची यादी. हिशेब मी आल्यावर.’

मोजलं तर ६९ भरली. यात ‘उशीर’ हा शब्द नाही, फाटक नाही, क्षमाही नाही. क्षमा समोर गेल्यावर मागावी, तिला जागा लागते. अर्थात चालणं धरलं असतं तर मला ५.१० नव्हे, ५.२० लिहावं लागलं असतं. ते लिहिताना लाज वाटली असती, पण तेच खरं होतं.

एक गोष्ट मात्र आधी पाहावी. आमची समिती पाच जणांची, गणपूर्ती तिघांची. त्या दिवशी माझ्याशिवाय तिघे हजर होते, म्हणून सुरू करता आलं असतं. दोघेच असते तर ‘सुरू करा’ला काही अर्थ नव्हता. खोलीची किल्ली आपल्याच खिशात असेल तरीही तेच. अशा वेळी सरळ ‘माझ्यासाठी थांबा’ म्हणावं, आणि कधीपर्यंत तेही सांगावं.

आणि पोचल्यावर? मागच्या बाजूने गुपचूप आत यावं. ‘कुठवर आलं?’ असं विचारून सभा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावू नये. नाहीतर दिलेली परवानगी आपणच काढून घेतो.

पुढच्या सभेला गुरुजींची यादी पहिल्या क्रमांकावर आली. पण पुस्तकं यायला पुढचं वर्ष उजाडलं. यादी करणारी सातवीतली मुलं तोवर शाळा सोडून गेली होती.