पडद्यावरची पहिली भेट
(रत्नागिरी येथील वधूवर मेळाव्यातील भाषण)



पूर्वी मुलगी पाहावयास पाहुणे आले आणि बोलणे खुंटले, तरी पोह्यांच्या बशा फिरत, एखादी आत्या पावसाची चौकशी करी, आणि शांततेस आडोसा मिळे. व्हिडिओ कॉलवर तो आडोसा नाही. त्यातच आवाज पोहोचण्यास किंचित विलंब लागतो. दोघे एकदम बोलू लागतात आणि एकदमच थांबतात. ही शांतता यंत्राची असते, नापसंतीची नव्हे. म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात दोन अंक मोजण्याइतके थांबावे. घाईने दुसरा प्रश्न विचारू नये.

आता तयारीचे पाहू. मुलगी येथे रत्नागिरीस शिक्षिका आहे आणि मुलगा अबूधाबीस अभियंता आहे, असे समजा. तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागे. आपले सायंकाळचे सात ते तेथील साडेपाच. तेव्हा वेळ ठरवितानाच तो कामावरून परतलेला असेल का, हे विचारावे. थकलेला माणूस अबोल भासतो.

त्याच्या परिचयपत्रात ‘छंद : वाचन, प्रवास’ एवढेच आहे. ‘आपल्याला वाचन आवडते का?’ या प्रश्नास ‘हो’ एवढेच उत्तर येईल आणि पुन्हा शांतता. त्याऐवजी ‘अलीकडे कोणते पुस्तक अर्धवट टाकलेत, आणि का?’ असे विचारावे. तो म्हणाला, ‘एक प्रवासवर्णन, लेखक सारखा जेवणाचेच लिहितो.’ येथे आपल्या यादीतील पुढच्या प्रश्नाकडे धावू नये. ‘मग तिकडे आपल्या जेवणाचे काय करता?’ हा प्रश्न त्याच्याच उत्तरातून निघाला. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे उत्तरातून उपजणारे प्रश्न विचारणारी माणसे समोरच्यास अधिक आवडल्याचे आढळले. मात्र दोन-तीन प्रश्नांनंतर स्वतःचेही काही सांगावे, नाहीतर ती तोंडी परीक्षा होते. चाळीस मुलांच्या वर्गाची एखादी गंमत तिच्यापाशी असेलच.

असे तीन विषय पुरेत. ते पूर्ण वाक्यांत लिहू नयेत, एकेक शब्द टिपावा, आणि कागद मांडीवर न ठेवता कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवावा. खाली वळणारे डोळे पलीकडे लगेच दिसतात. (पडद्याआडून आईने केलेली कुजबुजही पलीकडे स्वच्छ ऐकू जाते, हे मातृवर्गाने ध्यानी घ्यावे.)

पगार आणि पत्रिका वडीलधाऱ्यांकडे सोपवाव्यात. परंतु ‘लग्नानंतर माझ्या नोकरीचे काय, असा आपण विचार केला आहे का? काय वाटते?’ हे मुलीने स्वतः, पहिल्याच भेटीत विचारावे, असे माझे मत आहे. आरंभी नव्हे, बोलणे सैल झाल्यावर, मध्यावर. येथे मुलगा गप्प झाला तर ती शांतता भरून काढण्यास तिने धावू नये. त्याला विचार करू द्यावा, आणि तो काय म्हणतो ते नीट ऐकावे.