‘किल्ला’ शोधताना

अमरावती रस्त्यावरच्या वाडीतलं एक घर. रविवारी दुपारी अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ बघायचं ठरतं. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून कोणीतरी म्हणतं, ‘किल्ला’, आणि पडद्यावर खुनाच्या थरारपटांची रांग लागते!

अशा वेळी यादी खाली सरकवत बसू नये. आधी पडद्यावर उमटलेला शब्द वाचावा. तिथे Killer असं दिसलं, तर टीव्हीनं मराठी शब्द इंग्रजी कानानं ऐकलाय. आवाजी शोधाच्या सेटिंगमध्ये मराठी असेल तर ती निवडावी. नसेल तर नुसतं नाव न सांगता ‘किल्ला मराठी चित्रपट अमृता सुभाष’ असं सलग बोलावं. जोडीला आलेली भाषा आणि कलाकाराचं नाव टीव्हीला योग्य दिशा देतात.

सालाचा आधार मात्र जपून घ्यावा. ‘किल्ला’ बर्लिन महोत्सवात 2014 मध्ये दाखवला गेला, आपल्याकडे चित्रपटगृहांत आला 2015 मध्ये. एकच साल धरलं तर हवा तो चित्रपट गाळणीतून निसटू शकतो.

तरीही सापडत नसेल तर Killa ही अक्षरं टाइप करावीत, कारण बऱ्याच याद्यांत मराठी नावं रोमन लिपीतच नोंदलेली असतात.

यूट्यूबवर आधी ट्रेलर आणि गाणीच पुढे येतात. तिथे फिल्टरमध्ये लांबीचा पर्याय दिसला तर 20 मिनिटांहून मोठे व्हिडिओ निवडावेत. आणि एखाद्या अ‍ॅपच्या आतलं शोधचिन्ह बहुधा त्याच अ‍ॅपपुरतं शोधतं; म्हणून तिथे हाती काही लागलं नाही, तर होम स्क्रीनवर येऊन पुन्हा विचारावं.