साठवता न येणारी रसद



सैन्यातली माझी बरीचशी वर्षं रसदीच्या कामात गेली. लडाखमध्ये खिंडी बंद होण्याआधी हिवाळ्याचा सगळा माल वर चढवायचा, कोठारं भरायची आणि मग बर्फ पडू दे, रस्ता तुटू दे, चौकीवरचा जवान उपाशी राहत नाही. रसदीचा पहिला धडा हाच, की गाडी कधीतरी अडणारच, म्हणून साठा आधी करून ठेवा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या बोन स्कॅनची तारीख दोनदा पुढे गेली. कर्करोग हाडांत उतरलाय का, हे त्या तपासणीतून कळणार होतं आणि पुढचे उपचार त्यावर ठरणार होते. रुग्णालयातून उत्तर मिळालं, "जनरेटर आला नाही." मला आधी विजेचा जनरेटर वाटला. तो तसला नव्हता. तो काय असतो आणि का येत नाही, हे शोधत गेलो तेव्हा कळलं, की ही अशी एक रसद आहे जिचा साठाच करता येत नाही. आज तेवढंच सांगणार आहे.

बोन स्कॅनसाठी किंवा हृदयाला रक्त नीट पोचतंय का हे पाहण्यासाठी रुग्णाला टेक्नेशियम-९९एम नावाचं किरणोत्सारी द्रव्य टोचतात. त्यातून बाहेर पडणारे गॅमा किरण कॅमेरा टिपतो. याचं अर्धायुष्य ६ तासांचं. म्हणजे सकाळी जेवढं होतं त्याच्या निम्मं दुपारी उरतं. रुग्णाच्या दृष्टीने हे चांगलंच, कारण किरणोत्सार अंगात फार वेळ राहत नाही. पण ६ तासांचं द्रव्य दुसऱ्या खंडातून मागवणार कसं?

म्हणून त्याचा जन्मदाता पाठवतात, मॉलिब्डेनम-९९. याचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे पावणेतीन दिवस. शिशाच्या जाड कवचात एक काचेची छोटी नळी असते, तिच्यात अॅल्युमिना भरलेलं असतं आणि त्याला मॉलिब्डेनम चिकटून बसलेलं असतं. त्याचं सतत टेक्नेशियममध्ये रूपांतर होत राहतं. रोज सकाळी तंत्रज्ञ त्या नळीतून मिठाचं निर्जंतुक पाणी ओढतात. टेक्नेशियम पाण्याबरोबर येतं, मॉलिब्डेनम मागे राहतं. दुसऱ्या सकाळपर्यंत नळीत पुन्हा टेक्नेशियम साचतं. हाच तो जनरेटर. या क्षेत्रातले लोक जगभर त्याला गाय म्हणतात आणि या कामाला धार काढणं. फरक एवढाच, की ही गाय रोज थोडी आटत जाते आणि आठवड्याने दुसरी आणावी लागते.

आता हे मॉलिब्डेनम बनतं कसं ते पाहू. युरेनियम आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाच्या पातळ पट्ट्या बनवतात. त्यांना टार्गेट म्हणतात. त्या संशोधन-अणुभट्टीच्या गाभ्यात साधारण सहा-सात दिवस ठेवतात. युरेनियम-२३५चे अणू फुटतात आणि दर १०० विखंडनांमागे साधारण ६ मॉलिब्डेनम-९९चे अणू मिळतात. बाकी शेकडो प्रकारचे तुकडे म्हणजे कचरा. त्यातलं आयोडीन-१३१सारखं थोडंच उपयोगाला येतं.

तुम्ही विचाराल, सहा दिवसांऐवजी महिनाभर ठेवून भरपूर माल का करत नाहीत? कारण बनलेला माल भट्टीतच विरत असतो. सहा दिवसांत जास्तीत जास्त शक्य असलेल्या पातळीच्या ७८ टक्के माल तयार होतो. आणखी सहा दिवस ठेवलं तर ९५ टक्के. पुढे जेवढं बनतं तेवढंच नष्ट होतं. खाली भोक असलेल्या बादलीत नळ सोडावा, तसं. म्हणजे कोठारात तर सोडाच, भट्टीतसुद्धा साठा होत नाही.

टार्गेट बाहेर काढल्यावर काही तास पाण्यात निवू देतात, मग जाड पोलादी पिंपात घालून प्रक्रिया-केंद्रात नेतात. तिथे शिशाच्या काचेमागे, यांत्रिक हातांनी, त्या पट्ट्या बहुतेक ठिकाणी कॉस्टिक सोड्यात विरघळवतात. युरेनियम गाळ म्हणून खाली राहतं, मॉलिब्डेनम द्रावणात येतं. ते एकामागून एक स्तंभांतून गाळून शुद्ध करतात. तिथून जनरेटरच्या कारखान्यात, तिथून विमानाने रुग्णालयात.

या सगळ्या वेळात घड्याळ थांबत नाही. मॉलिब्डेनम तासाला साधारण एक टक्का कमी होतं. हिशेब करून पाहू. समजा, भट्टीतून काढताना १००० क्युरी माल होता. निववणं, वाहतूक आणि शुद्धीकरण यात एक दिवस गेला आणि रसायनक्रियेत दहावा हिस्सा गळाला, तर उरले ७००. कारखान्यात पोचून जनरेटर भरेपर्यंत आणखी एक दिवस, उरले साधारण ५४५. रुग्णालयाच्या दारात पोचायला तिसरा दिवस, उरले ४२५च्या आसपास. निम्म्याहून अधिक माल कोणाच्याही उपयोगाला न येता वाटेतच गेला, आणि अजून काहीही बिघडलेलं नाही! आता एक विमान चुकलं, किंवा वैमानिकाने किरणोत्सारी पेटी घ्यायला नकार दिला आणि एक दिवस वाढला, तर असलेल्यातले २२ टक्के गेले.

म्हणूनच या व्यापारात मालाचं मोजमापही वेगळं आहे. प्रक्रिया-केंद्रातून निघताना किती आहे हे नाही, तर सहा दिवसांनी किती उरेल यावर सौदा होतो. त्याला 'सिक्स-डे क्युरी' म्हणतात. आपल्या ७०० क्युरींचे सहा दिवसांनी उरतात साधारण १५५. माझ्या नोकरीत असा माल कधी पाहिला नाही, ज्याचं बिल भावी नासाडी वजा करून बनतं.

साठा नाही, तर मग भरवसा कशावर? दर आठवड्याला कुठली तरी भट्टी चालू असण्यावर. आणि अशा भट्ट्या जगात मोजक्या आहेत. २००९ साली कॅनडातल्या चॉक रिव्हरची एनआरयू आणि नेदरलँड्समधल्या पेटनची एचएफआर या दोघी मिळून जगाचा निम्म्याहून जास्त माल देत होत्या. एनआरयू १९५७ची, एचएफआर १९६१ची.

मे २००९मध्ये वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे एनआरयू बंद पडली. पाठोपाठ तपासणीत दिसलं, की भट्टीच्या पात्रातून जड पाणी ठिबकतंय. गळती तासाला फक्त काही किलोची. पण अॅल्युमिनियमचं पात्र बाहेरून गंजून पातळ झालं होतं आणि तिथे माणूस जाऊ शकत नव्हता. वरच्या अरुंद छिद्रांतून अवजारं खाली सोडून, दुरून वेल्डिंग करावं लागलं. भट्टी सुरू व्हायला ऑगस्ट २०१० उजाडला. पंधरा महिने!

मधल्या काळात पेटनवर भार आला. पण तिथल्या शीतनाच्या पाइपांतही दोष सापडलेला होता आणि दुरुस्ती आणखी लांबवता येत नव्हती. फेब्रुवारी २०१०मध्ये तीही बंद झाली, ती सप्टेंबरपर्यंत. म्हणजे जवळपास सहा महिने दोन्ही मोठ्या भट्ट्या एकाच वेळी थंड. त्यात एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला आणि युरोपातली विमानं जमिनीवर बसली. पोलंडची मारिया ही भट्टी घाईने या कामाला लावली, तरी खड्डा भरला नाही. डॉक्टरांनी कोणाची तपासणी आधी हे ठरवलं, मात्रा कमी करून रुग्णाला कॅमेऱ्याखाली जास्त वेळ ठेवलं, हृदयासाठी जुन्या थॅलियमकडे वळले. थॅलियमचं चित्र कमी स्पष्ट आणि किरणोत्सार जास्त.

दोष फक्त भट्टीतच येतो असंही नाही. ऑगस्ट २००८मध्ये बेल्जियमच्या फ्लेरूस इथल्या प्रक्रिया-केंद्राच्या धुराड्यातून आयोडीन-१३१ बाहेर गेलं. आसपासच्या लोकांना बागेतली भाजी खाऊ नका असं सांगावं लागलं आणि केंद्र थांबलं. भट्टीतून टार्गेट निघालं, पण ते विरघळवणारी जागा बंद असेल, तर तो माल मालच नव्हे. अशी केंद्रं भट्ट्यांहूनही कमी आहेत.

मग जादा भट्ट्या का बांधत नाहीत? सैनिकी भाषेत सांगतो. राखीव तुकडी ठेवायची तर तिला लढाई नसतानाही पगार द्यावा लागतो. या भट्ट्या सरकारांनी संशोधनासाठी, करदात्यांच्या पैशातून बांधल्या. आयसोटोप हे जोडकाम होतं, म्हणून भट्टीत टार्गेट ठेवण्याचं भाडं अगदी कमी लावलं गेलं. तपासणीच्या एकूण खर्चात ते नगण्य आहे. त्या भाड्यावर नवी भट्टी उभी राहत नाही, आणि कोणी राखीव जागा रिकामी ठेवत नाही. ओईसीडीच्या अणुऊर्जा संस्थेने २००९च्या टंचाईनंतर हेच सांगितलं, की पूर्ण खर्च वसूल करा आणि राखीव क्षमतेचे वेगळे पैसे द्या. अंमलबजावणी अर्धवट झाली. कॅनडाची एनआरयू २०१८मध्ये कायमची बंद झाली. ऑक्टोबर २०२४मध्ये पेटनच्या एका पाइपात पुन्हा दोष दिसला, भट्टी ठरल्या दिवशी सुरू झाली नाही, आणि काही आठवडे पुन्हा टंचाई.

आपल्याकडे काय? ट्रॉम्बेच्या ध्रुव भट्टीत मॉलिब्डेनम बनतं, पण वेगळ्या रीतीने. तिथे साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनांचा मारा करतात. विखंडनाचा कचरा नाही, हा मोठा फायदा. पण लाखो अणूंतला एखादाच किरणोत्सारी होतो आणि तो बाकीच्यांतून वेगळा काढता येत नाही. म्हणून तो त्या छोट्या नळीत मावत नाही. टेक्नेशियम द्रावकाने वेगळं करावं लागतं, त्याला सराव असलेला माणूस लागतो. छोट्या नळीचा सुटसुटीत जनरेटर हवा तर विखंडनाचं मॉलिब्डेनम लागतं, आणि त्यासाठी आपण आयातीवर अवलंबून राहिलो आहोत. पेटनला पाइप वाकला, तर इंदूरच्या किंवा बेळगावच्या रुग्णाची तारीख पुढे जाऊ शकते, ती अशी.

तेव्हा कोणी तुम्हाला "जनरेटर आला नाही" असं म्हटलं, तर काउंटरवरच्या माणसावर चिडू नका. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. पुढचा जनरेटर कोणत्या दिवशी येणार, आणि तो आल्यावर पहिल्या दोन दिवसांत माझा नंबर लागेल का? कारण तेव्हा गाय भरपूर दूध देते. आणि डॉक्टरांना हेही विचारा, की थांबणं माझ्या आजाराला परवडेल का, नसेल तर दुसरी तपासणी कोणती? हाडांसाठी फ्लोराइडचा पेट स्कॅन काही ठिकाणी होतो. त्याचं द्रव्य सायक्लोट्रॉनमध्ये बनतं, त्याला अणुभट्टी लागत नाही.

ज्या मालाचा साठा होत नाही, त्याच्या बाबतीत राखीव ठेवायची ती वस्तू नव्हे, तर ती बनवण्याची क्षमता. ती ठेवायची, तर ती रिकामी असतानाही तिचे पैसे मोजावे लागतील. जय हिंद.